अरायव्हल टाइमचा अर्थ

आमच्या ॲम्ब्युलन्स सेवेच्या ऑफिसात तिला सगळे डिक्शनरीताई म्हणतात. डेटाबेसमधल्या प्रत्येक रकान्याचं नाव काय, त्यात आकडा बसतो की तारीख, तो रिकामा ठेवता येतो का आणि त्याचा अर्थ काय, हे लिहून ठेवणं हे तिचं काम. ॲनालिस्ट मंडळी ते वाचून अहवाल काढतात. मी शेजारच्या टेबलावर बसते, आणि मला विचाराल तर हे पालथ्या घड्यावर पाणी आहे. एरवी कोणी वाचत नाही, आणि वाचलंच तर तेच ब्रह्मवाक्य.

ताई मुळातच घाबरट. कुलूप लावून खाली उतरते, पुन्हा वर जाऊन ओढून बघते. फोन उचलला की "हॅलो" नाही, थेट "काय झालं?" तिचा नवरा म्हणतो, "काळजीला काही सापडलं नाही, तर हिला त्याचीच काळजी."

त्या दिवशी मात्र काळजी दारातून चालत आली. आमचा एक चालक, निलंबित झालेला, ताईसमोर येऊन उभा राहिला. त्याने आणलेल्या एका आजीबाई दवाखान्यात पोहोचल्यावर गेल्या होत्या. अहवालात दिसत होतं की फोन आल्यापासून त्यांच्या दारी पोहोचायला त्याला तासभर लागला. चारला चौकशी होती. उशीर सिद्ध झाला की नोकरी गेली.

"ताई, मला वाटत होतं मी पटकन गेलो," तो म्हणाला. "पण कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे... माझंच काही चुकलं असेल का?"

तो भांडला असता तर बरं झालं असतं. ताईने घाईघाईने स्वतःचंच डॉक्युमेंट उघडलं. 'अरायव्हल टाइम: तारीख आणि वेळ. रिकामा चालत नाही. अर्थ: गाडी रुग्णाजवळ पोहोचल्याची वेळ.' त्याखाली 'अरायव्हल सोर्स: एक अक्षर. अर्थ: पोहोचण्याच्या वेळेचा स्रोत.'

"हा काय अर्थ झाला?" ती पुटपुटली. "मी रकान्याच्या नावाचंच मराठी केलंय."

मग तिने चालकाला विचारलं, "दादा, पोहोचल्यावर टॅबलेटवरचं बटण दाबलं होतं?"

"आठवत नाही हो. आजी श्वासासाठी तडफडत होत्या. बहुतेक राहिलं."

ताईचा चेहरा उतरला. बटण दाबलं नाही आणि रकाना तर रिकामा राहू शकत नाही. मग त्यात वेळ भरली कोणी? ती सिस्टीमच्या प्रोग्रॅमचा कोड चाळू लागली. मध्येच ती सारखी घड्याळाकडे बघत होती. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

शेवटी सापडलं. केस बंद करताना पोहोचल्याची वेळ रिकामी असेल तर सिस्टीम तिथे केस बंद झाल्याची वेळ टाकत होती आणि सोर्समध्ये 'एस', म्हणजे सिस्टीम, असं लिहीत होती. चालकाने बटण दाबलं असेल तर 'डी', म्हणजे ड्रायव्हर. त्या केससमोर 'एस' होता. पोहोचल्याची वेळ आणि केस बंद झाल्याची वेळ सेकंदासकट एकच! म्हणजे तो तासभर नुसता जाण्याचा नव्हताच. जाऊन, आजींना गाडीत घालून, दवाखान्यात पोहोचवून, कागद पुरे करेपर्यंतचा होता.

ताईने अहवाल काढणाऱ्या ॲनालिस्टला बोलावून हे दाखवलं, तशी ती पांढरीफटक पडली. "ताई, मी तर तुमच्या डॉक्युमेंटप्रमाणेच..."

"दोन रकाने शेजारी ठेवून बघायला काय झालं होतं?" मी कडाडले.

"तिला बोलू नकोस," ताई म्हणाली. "अर्थ मी लिहिला होता."

असे 'एस' बरेच होते, म्हणजे आधीचे कितीतरी अहवाल चुकलेले. ते कबूल केलं तर आपलीच नोकरी जाईल, अशी तिला भीती होती. तरी तिने नवा अर्थ लिहिला: 'सोर्स एस असेल तर ही पोहोचल्याची वेळ नाही. खरी वेळ अज्ञात. सरासरीत धरू नये.' तो घेऊन ती चौकशीच्या खोलीत गेली. मी बाहेर नखं खात बसले.

निलंबन मागे घेतलं गेलं. ताईला साहेबांनी चार शब्द सुनावले, तिने मान खाली घालून ऐकून घेतले.

निघताना चालक पुन्हा तिच्या टेबलाशी आला. मला वाटलं, आभार मानायला.

"ताई, मग मी किती वाजता पोहोचलो होतो?"

"दादा, ते कुठेच नाही. तुमच्या गाडीत जीपीएसही नव्हता तेव्हा."

"म्हणजे उशीर झाला नव्हता?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाला होता असं म्हणता येत नाही. नव्हता असंही नाही."

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "आजींची मुलगी अजून फोन करते. आई वाचली असती का, विचारते. मी नोकरीचं विचारलंच नव्हतं, ताई."