रस्त्याकडेची पिवळी पट्टी

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीच्या खरिपात मला एका जागी बसवत नव्हतं. कॉलेजात वर्गात बसले की गावाकडचं रान डोळ्यांपुढे यायचं आणि गावाकडे गेले की सरांचा चेहरा. दोन्हीकडे मी अर्धीच असायचे आणि दोन्हीकडची माणसं माझ्यावर वैतागायची. त्याला कारण साळ होती, म्हणजे आमच्याकडचं भात.

मी परभणीला कृषीच्या पदव्युत्तर वर्गात होते. भातपीक शिकवणाऱ्या सरांना कुण्या परदेशी मित्रानं एका फ्रेंच लेखाची झेरॉक्स पाठवली होती. मादागास्कर बेटावरच्या एका पाद्र्यानं भात लावायची निराळी रीत काढली होती, तिचं त्यात वर्णन होतं. सरांनी आम्हाला सारांश मराठीतून सांगितला. रोप दोन पानांचं, अगदी कोवळं असतानाच लावायचं. एका जागी एकच, मुळाशी माती आणि बियाचं टरफल तसंच ठेवून, उपटल्या उपटल्या, वरवर. चारी बाजूंनी वीतभर अंतर सोडायचं. पाणी तुंबवायचं नाही, रान ओलं करायचं आणि थोडं वाळू द्यायचं. तण फिरत्या हातकोळप्यानं मातीतच गाडायचं आणि शेणखत भरपूर घालायचं. त्यानं फुटवे भरमसाट येतात आणि बी, पाणी दोन्ही वाचतं, असा दावा होता.

सर म्हणाले, "आपल्या नेहमीच्या लावणीशी याची तुलना करा आणि टीकात्मक परीक्षण लिहून आणा. भारावून जाऊ नका, हसूही नका."

बाकीच्यांनी ग्रंथालय गाठलं. मला मात्र करून बघायची खाज सुटली.

आमचं गाव ताडकळसच्या बाजूचं. पाटाचं पाणी आल्यापासून रस्त्यालगतच्या एका तुकड्यात दादा साळ लावायचा. घरचा वर्षाचा भात तेवढ्यातूनच यायचा, बाकी रानात ज्वारी आणि कापूस. दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानं शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मी शिकू शकले. हे तो कधी बोलला नाही. मी अर्धं रान मागितलं तेव्हा तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"अर्धं लय होतंय, बाई. एक कोपरा घे की."

"कोपऱ्यात काही कळत नाही दादा. कडेची रोपं नेहमीच जास्त फोफावतात, त्यावरून खोटंच उत्तर येतं."

"आन् रस्त्याकडचंच पाहिजे?"

ते मला पाहिजे होतं असं नाही, पण पाणी गावाच्या बाजूनं आत यायचं. जुनी लावणी पाण्यात उभी राहणार, म्हणून ती तिकडे. नवी रस्त्याकडे. दादाचं दुखणं मला ठाऊक होतं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाचं रान रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण जरा जास्तच निरखून बघायचा, असं त्याला वाटायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरला नामांतराविरुद्ध झालेल्या जाळपोळीत आमच्या कडब्याची गंजी गेली होती. तेव्हापासून रस्त्याकडचं रान त्यानं कधी वाईट दिसू दिलं नव्हतं.

"घे," तो म्हणाला. "पण तिथं हसू न्हाई झालं पाहिजे."

झालंच. लावणीला माय होती आणि वस्तीतल्या बाया. जुन्या बाजूला त्यांनी महिन्याच्या रोपांच्या जुड्या घेऊन तीन-तीन, चार-चार रोपं भराभर खोवली. नव्या बाजूला मी दोरी धरून उभी. बोटाएवढी रोपं बघून त्या थबकल्या.

"अगं, दात न्हाई आले लेकराला आन् सासरी धाडायलीस?" एक म्हणाली, आणि सगळ्या कंबर धरून हसल्या.

मी चिडले, कारण त्या हसता हसता एकेका जागी दोन रोपं लावत होत्या. मायचा तर हातच एका रोपावर थांबेना. "येकटं कसं राहील ते?" म्हणायची. मी मागून फिरून दुसरं रोप उपटून घ्यायचे आणि ती माझ्याकडे असं बघायची, की जणू मी कुणाच्या ताटातली भाकर उचलली.

शेणखतावरूनही मी आधी एकदा तोंडघशी पडले होते. लेखात भरपूर सांगितलंय म्हणून सगळ्या गाड्या मी नव्या बाजूला ओतायला निघाले होते. सर म्हणाले, "मग तुलना कशाची करताय? पद्धतीची का शेणाची?" मुकाट्यानं दोन्हीकडे सारखं टाकलं. बी एकाच वाणाचं घेतलं. हातकोळपं कॉलेजच्या शेतावरून मागून आणलं आणि एसटीच्या टपावर टाकून नेलं.

पहिले काही आठवडे रान रिकामं दिसत होतं. रस्त्यावरून सायकली जायच्या आणि कुणी ना कुणी ओरडायचं, "साळ हाय का टक्कल?" दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मग एकेक रोप फुटायला लागलं. पंख्यासारखं उघडायला लागलं. मी दर शनिवारी येऊन फुटवे मोजायचे आणि जमिनीवर पाय ठरायचा नाही. रान वाळून केसाएवढ्या भेगा पडल्या की पाणी द्यायचं, पुन्हा वाळवायचं. दादाला त्या भेगा बघवत नव्हत्या.

श्रावणात पावसानं उघडीप दिली. पाटाची पाळी लांबली. विहिरीचं जे थोडं पाणी होतं ते दादा जुन्या बाजूला भरत होता, मीच तसं सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी आले तर एसटीतूनच दिसलं. रस्त्याकडचं सगळं रान पिवळं.

दादा बांधावरच होता. "युरिया मारू का?" त्यानं विचारलं. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

मी हो म्हणणार होते. पण वाकून बघितलं तर खालची, जुनी पानं हिरवीच होती. पिवळी पडली होती ती वरची, नवी. काही तर कागदासारखी पांढरी, नुसत्या शिरा हिरव्या. नत्र कमी पडलं की आधी जुनी पानं पिवळी पडतात. हे निराळं होतं. मी चार पानं खुडून आल्या पावली परभणीला गेले, रविवारी सरांच्या घरी. त्यांनी पान उजेडात धरलं.

"लोह," ते म्हणाले. "तुमची जमीन काळी आणि चुनखडीची. लोह आहे तिच्यात, पण असं बांधलेलं की वाळलेल्या रानात मुळांना मिळत नाही. पाणी तुंबलं की ते सुटं होतं. तुमची जुनी लावणी पाण्यात उभी आहे म्हणून हिरवी आहे. मादागास्करची माती तुम्ही कुठून आणणार?"

"मग पाणी भरू?"

"पीक वाचवायचं तर भरा. हिराकस फवारून पानांतून लोह दिलं तरी चालेल, एकदा नाही, पुन्हापुन्हा. परीक्षण लिहायचं तर काय करायचं ते तुम्ही ठरवा."

एवढंच बोलून त्यांनी चहा पुढे केला. मला त्या क्षणी सरांचा राग आला.

सोमवारी सकाळी मी गावी परतले तोवर पाटाला पाणी सुटलं होतं. आमची पाळी दुपारी होती. दादा फावडं घेऊन नव्या बाजूचा बांध फोडायला उभा होता.

"सगळं भरू नको दादा."

"का?"

मी सांगितलं. तीन पट्ट्या करू. जुन्या लावणीच्या शेजारची पाण्यानं भरू. मधलीवर हिराकस मारू. तिसरीला काहीच करायचं नाही. नाहीतर पाण्यानं सुधारली का आपोआप सुधारली, हे कळणार नाही.

"तिसरी कोणती?"

"रस्त्याकडची. बांधातून पाणी पाझरतं. तिथवर ते पोचणार नाही."

तो भडकला. "आमी वर्षभर काय तुझी परीक्षा खायची? पिवळं रान रस्त्यावर मांडून ठेवायचं, आन् येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघायचं?"

पाट वाहत होता, पाळी संपत चालली होती. मला रडू येत होतं आणि हट्टही सुटत नव्हता. दादानं माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि फावड्यानं तिसऱ्या पट्टीच्या आडवा बांध घातला. चांगला पायानं दाबून घट्ट केला, पाणी पाझरू नये म्हणून.

आठवडाभरात पाण्यातली पट्टी हिरवी झाली. हिराकशीची दुसऱ्या फवारणीनंतर बरीच सावरली, तरी ठिपक्या-ठिपक्यांची दिसत होती. रस्त्याकडची तशीच. फक्त तिच्यात मधेमधे काही चूड, फुटव्यांचे झुपके, गर्द हिरवे होते. मी चक्रावले. जवळ गेले तर प्रत्येकाभोवती मातीचं आळं, वांग्याला करतात तसं, आणि त्यात पाणी काठोकाठ.

हे मायचं काम होतं. रोज विहिरीवरून घागर आणून ती भरत होती.

मी तिच्यावर ओरडले. सगळा प्रयोग बिघडवलास, म्हणाले. तिनं घागर खाली ठेवली.

"तू उपाशी ठेव की तुझ्या अभ्यासापायी," ती म्हणाली. "माझ्या हातानं लावलीत ती रोपं. जेवढ्यांना पुरलं तेवढ्यांना दिलं."

मी बांधावर बसून राहिले. मग लक्षात आलं, की एकाच पट्टीत, एकाच मातीत, शेजारीशेजारी वाळलेले आणि तुंबलेले चूड माझ्यापुढे उभे होते. मायनं बिघडवलेल्या प्रयोगाइतकं स्पष्ट मला कुणी काही दाखवलं नव्हतं. तरी तिला थँक्यू म्हणावंसं वाटलं नाही. उपाशी हा शब्द फार दिवस बोचत राहिला.

पुढे पाऊस आला, पिवळी पट्टी उशिरा हिरवी झाली, पण फुटव्यांची वेळ निघून गेली होती. कापणीला ती विरळच उभी होती. पाण्यातल्या कोवळ्या रोपांनी मात्र जुन्या लावणीपेक्षा थोडं जास्तच दिलं, आणि तेही बियाच्या मूठभर खर्चात. त्यासाठी कोळपं किती वेळा ढकलावं लागलं हे दादाच्या खांद्यांना विचारावं. घरच्या भाताला तूट आली नाही. मी लिहिलं, की ही पद्धत म्हणजे एक वस्तू नाही, चार-पाच गोष्टींची मोट आहे. कोवळं, एकटं, अंतरावरचं रोप आमच्याकडे चालेल, रान वाळवणं चालणार नाही. आणि हेही लिहिलं, की एका शेतातल्या एका हंगामावरून छातीठोक काही सांगू नये. मायची आळीही लिहिली. सरांनी त्या परिच्छेदाखाली रेघ मारली.

पुढच्या आषाढात मी गावी गेले तेव्हा लावणी चालू होती. सगळ्या तुकड्यात कोवळी रोपं, एकेक, आणि पाणी उभं. रस्त्यावर एक जण सायकल टेकवून दादाला विचारत होता. वर्षापूर्वी टक्कल म्हणणाऱ्यांतलाच तो.

"गेल्या साली लय पिवळी पडली होती की रं तुझी साळ?"

मी जागीच थांबले. दादानं हातातली रोपं खाली ठेवली.

"पडली न्हवती," तो म्हणाला. "माझ्या बहिणीनं पाडली होती. हितं रान वाळू द्यायचं का न्हाई, ते कुणालाच ठाऊक न्हवतं. आता हाय."