बनुबाईचं विरजण

पाचगणीच्या त्या शाळेत कोंडीबाकडचं दही न खाल्लेला मुलगा सापडला नसता. वसतिगृहाच्या कँटीनचा ठेका त्याच्याकडे होता, पण दह्याचं खातं त्याची बायको बनुबाई सांभाळायची. ती गेली आणि कोंडीबाने एक खुळेपणा केला. तिच्या विरजणाची बरणी तो बाहेरून लख्ख पुसायचा. रोजचं दही त्यातल्याच विरजणाने लावायचा, आतून मात्र ती कधी धुवायचा नाही. तळाला तिच्या हातचं काहीतरी उरलंय, ते धुवायचं कसं?

मग एका आठवड्यात बरीच मुलं पोटाने आडवी झाली. शाळेच्या डॉक्टरांनी कँटीन तपासलं. पाण्याची टाकी उघडी निघाली, नि बरणीच्या गळ्याला हिरवी बुरशी. टाकीबद्दल दोनदा लेखी ताकीद आधीच मिळाली होती. या वेळी शाळेच्या समितीने स्वच्छतेचं कलम लावून करार तिथल्या तिथे मोडला.

"दुसऱ्या भांड्यात चमचाभर विरजण काढून ही बरणी धुवायची होती, कोंडीबा," वसतिगृहाचे रेक्टर विष्णुपंत म्हणाले.

"व्हय सायेब. सुचलंच न्हाई बगा," कोंडीबा म्हणाला. सुचलं होतं. धीर झाला नव्हता.

रविवारी मुलांना पुरीभाजीची पुडकी देऊन टेबल लँडच्या पठारावर नेलं. इकडे टाकी उपसली, ब्लीचिंग पावडरने फरशी घासली, उघडं धान्य फेकलं. सोमवारचा नाश्ता नव्या ठेकेदाराकडे, वाईच्या जोतीरामकडे होता. त्याने शाळेची भांडी मोजून घेतली आणि कोंडीबाने स्वयंपाकघराची किल्ली दिली. बरणी कोंडीबाची स्वतःची होती. ती त्याने मोरीत नेली, राखेने आतून खसाखसा घासली आणि लहान पोरासारखा रडला. मुलांची पोटं बिघडली होती ती त्याच्यामुळेच, हेही त्याला कळत होतं.

संध्याकाळी खोलीवर पावशेर दूध तापवलं, पण विरजायला काय? सगळ्या शाळेला दही देणारा माणूस वाटी घेऊन शेजारच्या शिपायाच्या बायकोच्या, मनुबाईच्या, दारात उभा राहिला.

"जरा विरजण देतीस का गं?"

मनुबाईने वाटी भरली. "आवं, मागताय काय? तुमच्याच घरचं हाय. मी लगीन हून आले तवा बनुवैनींनीच दिलेलं. तवापस्नं मोडू दिलं न्हाई. भांडं रोज घासते, विरजण तेवढं चालू ठेवते."

कोंडीबाने वाटी दोन्ही हातांत धरली. बुरशी धरलेल्या बरणीत तो जिला जपत बसला होता, ती भिंतीपलीकडे रोज घासलेल्या भांड्यात नांदत होती. त्याला हसू आलं.

खोलीवर येऊन त्याने दूध विरजलं. सकाळी दही घट्ट लागलं होतं, अगदी तिच्या हातच्यासारखं. सवयीने त्याने दोन वाट्या घेतल्या, एक आपली, एक तिची. मग तिची परत फळीवर ठेवली.