शाळा सुटल्यानंतरची वीस मिनिटं

माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी दोन-तीन शब्दांपलीकडं बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, शाळेत घाला, मुलांमध्ये मोकळी होईल. मला मात्र शाळेचं नाव काढलं तरी धडकी भरायची. हिला तिथं काही झालं, तर ही घरी येऊन सांगणार कशी?

मी क्रांती चौकाजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. एका दुपारी सुट्टी काढून, वहीत प्रश्न लिहून, एकटीच शाळेत गेले. निघताना नवरा म्हणाला होता, फार खोदून विचारू नको, कटकट्या पालक म्हणून नाव पडेल आणि प्रवेश राहील बाजूला. त्याचंही खोटं नव्हतं. जागा थोड्या होत्या आणि बाहेर बाकावर बरीच माणसं बसली होती.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या होत्या. त्यांनी न चिडता उत्तरं दिली. कॅमेरे कुठं आहेत ते सांगितलं. कामावर घेण्याआधी प्रत्येकाची पोलीस पडताळणी होते, शेवटचं मूल उतरेपर्यंत बसमध्ये बाई असते, हेही सांगितलं. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तक्रारपेटी मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीसमोर उघडतात, त्या समितीत पालकही असतात.

"आणि तक्रार तुमच्याबद्दलच असली तर?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. आणि मुलाच्या अंगाला हात लावण्यासारखं काही असेल, तर माझीही वाट बघू नका, थेट पोलिसांत जा. आम्हाला कळलं तरी पोलिसांना कळवावंच लागतं, कायदाच आहे तसा."

मला जरा धीर आला. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. लहान मुलांना बाथरूमला कोण नेतं? मावशी नेतात, त्या म्हणाल्या. शाळा सुटल्यावर, बस येईपर्यंतसुद्धा? त्यांनी हो म्हटलं, पण लगेच थांबल्या आणि बेल दाबून मावशींनाच बोलावून घेतलं.

मावशी पदराला हात पुसत आल्या. फर्दापूरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. मुख्याध्यापिकांनी माझा प्रश्न त्यांना विचारला.

"मी पयल्या बसमदी जाते ना, मॅडम," त्या म्हणाल्या. "दुसरी बस येईस्तोवर वीस मिनिटं लागतात. तवर तिकडं कोणीच नसतं. पोरं आपली आपली जातात."

मावशींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण भलतंच बोलून बसलो, असं त्यांना वाटलं असणार. मलाही अपराधी वाटलं. माझ्या प्रश्नापायी या बाईची नोकरी गेली तर?

मावशी गेल्यावर मुख्याध्यापिकांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "हे लिहून द्या. तोंडी राहिलं तर माझ्याकडूनही राहून जाईल."

मी लिहिलं. त्यात मावशींचा उल्लेख केला नाही. त्या कागदाची शिक्का मारून मिळालेली पोच पर्समध्ये ठेवली.

नंतर आठ दिवस फोन नाही. ओळखीतल्या दोघींच्या मुलांना प्रवेश मिळाल्याचे निरोप आले. नवरा रोज एवढंच विचारायचा, फोन आला का? आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. लॅबमध्ये एका नमुन्यावर मी चुकीची चिठ्ठी लावली. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

नवव्या दिवशी शाळेतून फोन आला. प्रवेश झाला होता. मी पहिल्यांदा विचारलं ते बाथरूमचं. क्लार्क म्हणाले, स्वतः येऊन बघा, मॅडमनी तसंच सांगायला सांगितलंय.

मी शाळा सुटायच्या वेळी गेले. पहिली बस निघाली, तिच्यात एक नवीन बाई होती. जुन्या मावशी बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. जवळच्या फळ्यावर कोणत्या वेळी कोणाची पाळी ते लिहिलेलं होतं. मला बघून त्या उठल्या. मी घाईघाईनं विचारलं, माझ्यामुळं तुम्हाला काही बोलले तर नाहीत ना?

"नाय ओ," त्या म्हणाल्या. "मी मागंच सांगितलं व्हतं, एकटीनं व्हत नाय म्हणून. माझं कोण ऐकतंय? तुमी कागदावर दिलं, मंग झालं."

पोरीला शाळेत घातलं. पहिले कित्येक दिवस ती घरी आली की कपडे बदलताना मी तिचं अंग निरखून बघायचे, आणि आपण असं बघतोय याचंच वाईट वाटायचं. ती काहीच सांगायची नाही. फक्त जेवताना मध्येच म्हणायची, "मावशी." तेवढा एक नवा शब्द ती शाळेतून घेऊन आली होती.