मोटरीवरचा बाण

लालबागला आमच्या इमारतीच्या मागे गिरणीच्या काळातली खोल विहीर आहे. नळाचं पाणी पिण्याला, विहिरीचं संडासाला आणि धुण्याला. विहिरीवर उभी मोटर आहे. तिच्या पोकळ पोटातून एक लांब दांडा खाली पाण्यापर्यंत जातो. नवरा गेल्यापासून पंपघराची किल्ली माझ्याकडे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मोटरीतलं काय कळणार? पण चालू-बंद करणं आणि तेल बघणं मला जमत होतं.

गेल्या वर्षी मोटर गुरगुरायला लागली. वरचा भाग हात लावू देईना इतका तापायचा. सेक्रेटरी म्हणाले, ही भानगड काढूनच टाकू, बोअर मारून पाण्यात बुडवायचा सबमर्सिबल पंप टाकू, पंपघर सायकलींना देऊ. मी हट्ट धरला की एकदा दुरुस्त करून बघा. ते कबूल झाले, पण शनिवारी संध्याकाळपर्यंत पाणी चढलं नाही तर किल्ली त्यांना द्यायची, असं ठरलं.

भायखळ्याहून मेकॅनिक आला. सगळी हयात सबमर्सिबलवर गेलेला, असला पंप त्याने एकदाच पाहिलेला. त्याने तारा सोडवल्या, वरची टोपी काढली, दांड्यावरचा नट काढला आणि आतलं बेअरिंग बाहेर आणलं. म्हणाला, विहिरीतल्या सगळ्या दांड्याचं आणि पंख्यांचं वजन या एवढ्याशा बेअरिंगवर टांगलेलं असतं. ते मला अजून पटत नाही. वजन खाली आणि तोलणारं वर, हे कसं? पण जुनं बेअरिंग हातात फिरवून बघितलं तर आत खडे असल्यासारखं अडत होतं.

शनिवारी दुपारी नवीन बसलं. तारा जोडताना त्याने विचारलं, "मावशी, ही फिरते कुठल्या बाजूने? तारांवरच्या खुणा गळून गेल्यात."

मोटरीच्या अंगावर बाण असतो, पण तिथे माझ्या वीस दसऱ्यांचं कुंकू नि तेल थापलेलं. मी बेधडक सांगितलं, "प्रदक्षिणा घालतो तशी." 

त्याने तशा तारा जोडल्या. बटण दाबलं. मोटर नुसती हुंकारली, हलली नाही, आणि स्टार्टर पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मेकॅनिकचा चेहरा उतरला. हे बेअरिंग एकाच बाजूने वजन घेतं, म्हणाला, मी उलटं तर नाही ना बसवलं? मलाही तेच वाटलं. मी त्याला चार शब्द ऐकवलेही. तेवढ्यात सेक्रेटरी दारात येऊन घड्याळ बघून गेले.

त्याने मेन स्विच पाडला, टोपी परत उघडली आणि दांडा मोटरीला जोडणारा वरचा कपलिंगचा तुकडा दोन्ही हातांनी फिरवला. एका बाजूला टक टक करत फिरला. दुसऱ्या बाजूला थोडा गेला आणि घट्ट अडकला.

"जाम आहे," तो म्हणाला.

"जाम असेल तर दोन्हीकडे जाम पाहिजे ना रे?"

त्याने परत फिरवून बघितलं, तसंच झालं. डोक्यात नुसता गोंधळ. ती टकटक मात्र ओळखीची होती. रोज चालू करताना पहिल्यांदा ऐकू यायची, मग वेग आला की थांबायची. नवरा सांगायचा, मोटर बंद केली की पाइपातलं पाणी खाली पडतं आणि दांड्याला उलटा फिरवायला बघतं. म्हणून वर खिळ्या आहेत, त्या पडून अडवतात. मी तेव्हा हो हो म्हटलं होतं.

"अडतंय ती बाजू उलटी," मी म्हटलं. "टकटक होते ती सुलटी."

"पण मग ती प्रदक्षिणेच्या विरुद्ध झाली, मावशी."

झाली खरी. त्याने बेअरिंगला हात लावला नाही, दोन तारांची अदलाबदल केली आणि टोपी बसवली. बटण दाबलं. टक टक, मग शांत, मग तो सारखा घुमणारा आवाज. टाकीत पाणी पडायला लागल्याचं वरून कोणीतरी ओरडलं.

सेक्रेटरींनी विचारलं, एवढा वेळ काय बिघडलं होतं? मेकॅनिक काहीतरी सांगायला लागला, मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, मी चुकीची बाजू सांगितली. ते म्हणाले, काकू, वीस वर्षं तुम्ही ती चालवताय. मी म्हटलं, हो, पण टोपी घातलेली, आतलं फिरताना कधी दिसलंच नाही. ते किल्ली न मागताच गेले.

दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या बोळ्याने कुंकू घासून काढलं. बाण होता, प्रदक्षिणेच्या उलटा. दसऱ्याला त्याच्याभोवती मी इतकी वर्षं आरती ओवाळली होती, आणि ती कुठल्या बाजूने ओवाळली हेही आता मला नक्की सांगता येत नाही. या दसऱ्याला कुंकू खाली, पायाच्या बोल्टला लावलं.