कॅनडातच राहिलेला फोन

नवरा गेल्यावर मी कॅनडातलं घर आवरून मुलुंडला धाकट्या बहिणीकडे राहायला आले. इथल्या बँकेत खातं उघडलं, पण बँकेचं ॲप काही केल्या फोनवर सापडेना.

बहिणीने सेटिंग उघडून पाहिलं. "अगं ताई, तुझा फोन अजून कॅनडातच आहे. तिकडच्या स्टोअरमध्ये आपल्या बँकेचं ॲप कसं दिसणार?"

देश बदलायला गेलो, तर आधी गाण्यांचं सबस्क्रिप्शन बंद करा, असं उत्तर आलं. स्टोअरच्या जुन्या खात्याला माझं इथलं कार्ड चालत नव्हतं आणि तिकडचं कार्ड तर बंदच होणार होतं. सबस्क्रिप्शन संपलं, की नवऱ्याने केलेली गाण्यांची यादीही जाण्याची भीती होती. बर्फातून गाडी चालवताना तो तीच लावायचा.

"एकेक नाव वाच, मी लिहून घेते," बहीण म्हणाली. सगळी दुपार आम्ही तेच केलं. मग मी सबस्क्रिप्शन रद्द केलं. भरलेला महिना संपेपर्यंत थांबलो, देश बदलला, इथलं कार्ड घातलं आणि सबस्क्रिप्शन नव्याने घेतलं.

बँकेचं ॲप लगेच मिळालं. यादीही शाबूत होती, पण तिच्यातली चार गाणी फिकट दिसत होती. दाबलं, की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं यायचं.

"कशी आहेत गं ती? गुणगुणून दाखव ना," बहीण म्हणाली.

मी खूप प्रयत्न केला. चाल आठवेना. स्टिअरिंगवर ताल धरणारी त्याची बोटं तेवढी आठवली.