दारावर डकवलेला पासवर्ड

आमचे हे, म्हणजे महादेवराव, एकतीस वर्षं वर्ध्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे लोकांच्या घरी समन्स पोचवणारा, आणि पाळी आलीच तर जप्तीचं कपाट हातगाडीवर चढवणारा माणूस. अशा माणसाला कोणी 'या, बसा' म्हणत नाही. हे गल्लीत दिसले की लोक ओट्यावरून उठून आत जायचे. ज्यांची कोर्टात एक साधी तारीख नाही, तेही जायचे. रिटायर झाल्यावरही जायचे. यांना त्याचं काही वाटत नसावं, असं मी धरून चालले होते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमचा संसार असाच झाला.

दोन हजार दहा साली आमच्या मुलानं, प्रफुलनं, पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला आणि घरी इंटरनेट घ्यायला लावलं. टेलिफोनवाला माणूस एक पांढरं डबडं भिंतीला लावून गेला. त्यात वायफाय होतं. कुठला आकडा टाकला की डबड्याचं पान उघडतं, पासवर्ड कसा बदलायचा, कोणाकोणाचं मशीन जोडलेलं आहे ते कुठं दिसतं, हे सगळं यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि लिहून ठेवलं. बिचाऱ्याचा चहा गार झाला.

शेजारची रुख्मिणी अंगणवाडीत मदतनीस. नवरा नाही, एकच पोरगी, दिपाली. पोरगी बारावी झाली, सीईटी बरी गेली, आता इंजिनियरिंगचे सगळे फॉर्म ऑनलाइन. मामानं जुना लॅपटॉप दिला होता, पण नेट कुठून आणणार? जूनमध्ये रुख्मिणी आमच्या दारात आली. आत नाही आली, दारातच उभी राहिली.

"भाऊजी, तुमचं नेट आमच्या पोरीले वापरू द्याल का? अर्धे पैसे देईन मी."

कोणी आपणहून यांच्या दारात काही मागायला येण्याची ती पहिलीच वेळ. दुसरा असता तर लगेच हो म्हणाला असता. हे म्हणाले, "अर्ज करा."

मी कपाळाला हात लावला. पण रुख्मिणीनं खरंच अर्ज केला. मग हे चार दिवस विचार करत बसले, दोन कच्चे मसुदे फाडले आणि पाचव्या दिवशी पत्र लिहिलं. कार्बन लावून. आमची प्रत अजून माझ्या ट्रंकेत आहे, म्हणून जसंच्या तसं सांगते:

'श्रीमती रुख्मिणीताई भोयर यांस, सप्रेम नमस्कार. आपला दिनांक बारा जूनचा अर्ज मिळाला. आपली कन्या चि. दिपाली हिच्या शिक्षणाकरिता आमची इंटरनेट जोडणी आपणांस वापरू देण्यास मला आनंद वाटतो. मात्र पुढे गैरसमज नको, म्हणून खालील अटी नमूद करतो. त्या कटू वाटल्यास क्षमा असावी.

एक. मासिक बिलाची निम्मी रक्कम आपण बिल आल्यापासून सात दिवसांत द्यावी. बिलाची झेरॉक्स मी आपणांस देईन. डबडे माझे आहे, त्याचे भाडे नाही.

दोन. जोडणीचा वेग बेताचा आहे. गाणी व सिनेमे उतरवू नयेत. ही अट मलाही लागू राहील.

तीन. जोडणी माझ्या नावे आहे. तीवरून काही गैर घडल्यास जाब मला द्यावा लागेल, याची कृपया जाणीव असावी.

चार. पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेस बदलला जाईल व नवा पासवर्ड आपणांस लेखी, पोच घेऊन देण्यात येईल. एरवी तो बदलला जाणार नाही.

पाच. पासवर्ड तिसऱ्या व्यक्तीस सांगू नये. सांगितल्याचे आढळल्यास जोडणी बंद करावी लागेल, याचे मला दुःख होईल.

सहा. दोघांपैकी कोणासही ही व्यवस्था थांबवायची असल्यास एक महिना आधी कळवावे.

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद. आपला नम्र, महादेव काळबांडे.'

'मला दुःख होईल' हे वाचून मला हसू आलं. एकतीस वर्षांत यांनी कुठल्या कागदावर असलं काही लिहिलं नव्हतं.

रुख्मिणीनं सही केली आणि पहिले अर्धे पैसे आगाऊच आणून दिले. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग आली एक जुलै.

सकाळी सातला यांनी पासवर्ड बदलला, कागदावर लिहिला आणि पोच घ्यायला शेजारी गेले. दाराला कुलूप. मायलेकी समुद्रपूरला, भावाकडे गेल्या होत्या. हे अकराला परत गेले. कुलूप. चारला गेले. कुलूपच.

"अहो, आल्यावर द्या ना," मी म्हटलं. "कुठं पळून जाऊन राह्यल्या का त्या?"

"एक तारीख म्हणजे एक तारीख. तीनदा गेलो, घर बंद. आता डकवावं लागते."

आणि यांनी डकवलं. कोर्टाचं समन्स घ्यायला घरात कोणीच सापडत नसलं की दोन साक्षीदारांसमोर ते दारावर चिकटवतात, ती बजावणी धरली जाते. हे कामच यांनी आयुष्यभर केलं. घरातून कणकेची खळ नेली, इस्त्रीवाल्या तानबाला आणि समोर खोली करून राहणाऱ्या नागेशला साक्षीला उभं केलं, आणि रुख्मिणीच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीला, ठळक अक्षरांत पासवर्ड लावला.

"निदान पाकिटात तरी घालायचा," मी म्हटलं.

"पाकीट डकवता येत नाई. मजकूर वाचता आला पायजे."

तर मजकूर गल्लीनं वाचला. आमच्या समोरच्या ओळीत कॉलेजची पोरं खोल्या करून राहतात आणि निम्म्यांकडं लॅपटॉप. नागेश तर साक्षीदारच होता. त्याला तो उतरवून घ्यायचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फुलं तोडायला बाहेर गेले, तर समोरून आवाज आला, "काका, नमस्कार!" हे दचकले. मागं वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोघांनी केला, चौथ्या दिवशी चौघांनी. संध्याकाळी पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागली, कारण तिथं वायफाय जोरात यायचं. यांना विचारायची, "काका, जप्ती कशी करत होते हो?" हे सांगायचे. हिंगणघाटला एका सावकाराची म्हैस जप्त करताना तिनं यांनाच कसं नेलं ओढत, ते सांगायचे. पोरं खदखदून हसायची. यांना इतकं बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. मी दोन दिवस रागातच होते, की हे मला का नाही सांगितलं कधी.

मायलेकी तीन तारखेला परतल्या. कागद सोलून काढला आणि घरात नेला.

नऊ तारखेला दुपारी साडेतीनला दिपाली आमच्या घरात घुसली. दारात उभी नाही राहिली, सरळ आत आली. डोळे सुजलेले.

"काका, माहा फॉर्म जाऊन नाई राह्यला. आज पाचला बंद होते. चार दिवस झाले, पान अर्ध्यात येते अन् तुटते. सायबर कॅफेत गेलती, तिथं चाळीस जण रांगेत हायेत. हा पसंतीचा फॉर्म नाई गेला तर यंदा नंबर लागतच नाई."

"चार दिवस झाले अन् आज सांगून राह्यली?" मी ओरडलेच.

मागून रुख्मिणी आली. धापा टाकत होती. "वहिनी, कसं सांगावं? गल्लीभर वापरून राह्यले. भाऊजींले वाटलं असतं, आम्हीच पासवर्ड सांगितला. पाच नंबरची अट हाये ना."

हे उठले. कॉम्प्युटरसमोर बसले, डबड्याचं पान उघडलं. मी खांद्यावरून पाहिलं. आमचं आणि दिपालीचं सोडून जोडलेली मशीनं आठ. नागेशचं, आणि बाकी सात. खाली काय काय उतरत होतं देव जाणे. त्या बेताच्या वेगात पोरीचा फॉर्म कुठून जायला?

"आठ?" मी म्हटलं. "अहो, आठ?"

"हो," हे म्हणाले. आवाजात आश्चर्य नव्हतं.

मग यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली, त्या पानावरची नावं वहीशी ताडून पाहिली आणि वही उघडीच ठेवून कामाला लागले. मी वही वाचली. दोन जुलैपासून रोजची तारीख, खाली जोडलेल्या मशीनांची नावं. आणि प्रत्येक नावापुढं, यांच्या त्या सरळ बेलिफी अक्षरात, 'नमस्कार केला. सकाळी ७.१०.' 'नमस्कार केला. ओट्यावर बसला, अर्धा तास.'

यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माझा राग कुठल्या कुठं गेला.  रुख्मिणीसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा हे खाली मान घालून बसले होते, बोट माउसवर.

"चौथी अट मोडावी लागते," हे म्हणाले. "एक तारीख नाई आज."

"मग मोडा."

"बाहेरची पोरं..."

"माहीत हाये मले," मी म्हटलं.

यांनी रुख्मिणीकडं पाहिलं. "ताई, चूक माही हाये. तुमची काही चूक नाई." हे वाक्य यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग पासवर्ड बदलला. डबड्यावरचे दिवे गेले, परत लागले. जोडलेलं मशीन एकच उरलं, आमचं, वायरीवरचं. यांनी उठून खुर्ची दिपालीला दिली आणि स्वतः मागं उभे राहिले. चार वाजून बावीस मिनिटांनी फॉर्म गेला. पोरगी टेबलावर डोकं टेकवून रडली, रुख्मिणी देवाला आणि यांना एकदमच हात जोडायला लागली.

तेवढ्यात बाहेरून हाका. "काका! नेट गेलं का हो?"

मी म्हणणार होते, गेलं म्हणून सांगा, बिघडलं म्हणून सांगा. यांच्या जागी मी असते तर तेच सांगितलं असतं. हे ओट्यावर गेले आणि म्हणाले, "गेलं नाई. मी बंद केलं. शेजारच्या पोरीचा फॉर्म अडला होता. ते माझं आणि तिच्या आईचं नेट हाये."

पोरं वाईट नव्हती. "बरं काका," म्हणाली आणि लॅपटॉप मिटून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फुलं तोडायला गेले. नेहमीपेक्षा हळूहळू तोडली. जास्वंदीच्या एकेका कळीशी थांबले. समोरची दारं उघडी होती, पोरं दात घासत होती, कोणी काही म्हणालं नाही. हे आत आले, फुलं देवापुढं ठेवली, टेबलाशी बसले, वही उघडली आणि तारीख घातली. खाली काही लिहायला नव्हतं. तसेच बसले.

मी चहा घेऊन गेले. तेहतीस वर्षं नेते. कप ठेवायचा, 'घ्या' म्हणायचं आणि परत फिरायचं, एवढंच केलं होतं आजवर. त्या दिवशी कप ठेवला आणि समोर उभी राहिले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

"नमस्कार, बेलिफसाहेब," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडं पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं. मग पेन उचललं आणि लिहून घेतलं.