दुसरी ओळ

नागपूरकडच्या तळेगावच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी सहा वर्षं काम केलं. मला काम शिकवणारे, दुकानाचे मालक, त्यांना मी उस्ताद म्हणायची. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची एक विद्या होती आणि तिचा मला आज विचार आला तरी राग येतो. फोन चालू होईना की ते बटणं दाबून रिकव्हरीचा, म्हणजे अडलेला फोन सुधारायचा, मेनू उघडायचे. तो चिनी भाषेत असला तरी त्यांचं अडत नसे. ते ओळी मोजायचे. "वरून पह्यली रीस्टार्ट, दुसरी कॅशे, तिसरी सगळं साफ. वाचाचं कायले?" कॅशे म्हणजे फोनने तात्पुरता साठवलेला कचरा, तो पुसला तरी फोटो-गाणी जात नाहीत.

मीही तशाच मोजल्या. एका नर्सबाईंचा फोन होता, वेगळ्या कंपनीचा, ओळींचा क्रमही वेगळा. दुसरी ओळ दाबली, पुढे काहीतरी विचारलं, त्यालाही हो म्हटलं. फोन नव्यासारखा सुरू झाला. त्यांच्या लेकीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गेले. आजकाल फोनमधला माल कुलूपबंद असतो आणि रीसेट केला की कुलपाची किल्लीच नष्ट होते, मग कोणतंही सॉफ्टवेअर काही परत आणू शकत नाही. उस्तादांनी बाईंना सांगितलं, फोनच खराब होता, डेटा आपोआप गेला. मी बाजूला उभी राहून मान डोलावली. त्या मानेची लाज मला अजून वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात वनविभागाच्या रोपवाटिकेत मजुरी करणारी एक गोंड बाई आली. फोन सेकंडहँड होता, नागपूरहून भावाने आणलेला. उघडला की लोगो यायचा आणि मग थेट चिनी मेनू. फोनमध्ये भाषा मराठी ठेवलेली होती, पण रिकव्हरीला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"माह्या मायचे गाणे आहेत याच्यात," ती म्हणाली. "गोंडीतले, लग्नाचे. माय होळीच्या आधी गेली. भाचीचं लग्न आहे, आन् ते गाणे आता कोणाले येत नाई."

"दुसऱ्या कुठं ठेवले का?"

"नाई ना ताई. मले काय माहीत असं होते म्हणून."

उस्तादांनी मान वर न करता सांगितलं, "दुसरी ओळ मार. मंग जे इचारन त्याले हो म्हण."

"नाई मारत," मी म्हणाले.

"काऊन?"

"मले वाचता येत नाई म्हणून."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. उस्ताद उठून फोनला हात लावायला आले. मी तो उचलला आणि दोन्ही हातांत धरला. "तुम्ही मले आत्ता कामावरून काढा, पण हा फोन मी तुमच्या हाती नाई देत." माझा आवाज चांगलाच चढला होता. समोरच्या चपलांच्या दुकानातले लोकही पाहायला लागले. पाहू देत, म्हटलं.

मी माझ्या फोनने त्या मेनूचा फोटो काढला आणि भाषांतराच्या ॲपला दिला. एका ॲपवर भरवसा नको म्हणून दुसऱ्यालाही दिला. दोन्हींचं उत्तर सारखंच आलं. पहिली ओळ: पुन्हा सुरू करा. दुसरी ओळ: सर्व माहिती पुसा. कॅशे तिसरीला होती. मी स्क्रीन उस्तादांसमोर धरली. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

मग प्रश्न उरला, फोन दरवेळी या मेनूवरच का येतो? नुसती पहिली ओळ दाबून काय होणार होतं? मी त्याचं जाड कव्हर काढलं. आवाज वाढवायचं बटण आत रुतून बसलं होतं, फटीत रोपवाटिकेतली माती घट्ट भरलेली. त्या मॉडेलला पॉवरबरोबर हेच बटण दाबलेलं राहिलं की रिकव्हरीच उघडते. ब्रशने माती काढली, बटण टचकन वर आलं. मग पहिली ओळ निवडली, पॉवर दाबली. लोगो आला. लोगो राहिला. त्या बाईने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती.

मग तिचं घर दिसलं, स्क्रीनवरचा फोटो, आणि वर मराठीत तारीख.

सगळ्यात आधी मी गाणी एका मेमरी कार्डावर आणि माझ्या कॉम्प्युटरवर उतरवली. तिने एक लावून पाहिलं. म्हातारीचा आवाज खरखरीत होता, मध्येच खोकला, मध्ये कुणीतरी हसतंय. आम्हा कोणालाच एक शब्द कळत नव्हता.

उस्ताद घसा साफ करून म्हणाले, "काय म्हणून राह्यली बुढी? आमाले त काई समजत नाई."

तिने फोन छातीशी धरला आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"तुमाले समजत नाई म्हणून पुसून टाकाचं होतं का?"